समजावणाऱ्या व्हिडिओत चेहरा किती, स्क्रीन किती, बी-रोल किती? रिटेन्शनवरून ठरवायचं कसं?

मांडवीकर (वडोदरा)

गुजरातमधली सरकारी कामं ऑनलाइन कशी करायची, हे आम्ही आमच्या चॅनेलवर मराठीतून सांगतो. पुढच्या व्हिडिओंची शॉट-विभागणी ठरवायची आहे, म्हणून AnyRoR या गुजरातच्या जमीन-नोंदींच्या सरकारी साइटवर ७/१२ कसा पाहायचा या व्हिडिओचा रिटेन्शनचा आलेख तुकड्या-तुकड्याने वाचला. लांबी ८:२०, व्ह्यू साधारण ६,४००. प्रत्येक भाग सुरू होताना आणि संपताना किती टक्के प्रेक्षक शिल्लक होते ते असं:

०:०० ते ०:२५, चेहरा: १०० वरून ७२
०:२५ ते ०:५०, बी-रोल (कागदी उतारा, शेत, मामलतदार कचेरीची इमारत): ७२ वरून ६६
०:५० ते १:३०, चेहरा (सर्व्हे नंबर आणि खाते नंबर म्हणजे काय): ६६ वरून ५९
१:३० ते ४:१०, स्क्रीन (सर्व्हे नंबरवरून VF-7, म्हणजे गाव नमुना ७ चा उतारा, काढणे): ५९ वरून ४६
४:१० ते ४:४०, चेहरा (सर्व्हे नंबर माहीत नसेल तर काय, 8A कशासाठी): ४६ वरून ४१
४:४० ते ६:५०, स्क्रीन (मालकाच्या नावावरून खाते, मग VF-8A): ४१ वरून ३६
६:५० ते ७:२०, बी-रोल: ३६ वरून ३४
७:२० ते ८:२०, चेहरा, समारोप: ३४ वरून १९

एकूण ८१ अंकांची गळती झाली. त्यातले ५५ अंक चेहऱ्याच्या भागांत गेले, स्क्रीनवर १८ आणि बी-रोलवर ८. चेहरा एकूण २ मिनिटं ३५ सेकंद आहे, स्क्रीन ४ मिनिटं ५० सेकंद. मग चेहरा काढून टाकून सगळा व्हिडिओ स्क्रीन आणि बी-रोलवर न्यायचा का? की हे वाचन कुठे चुकतंय?

रीलवाला_रावपुरा

आकडेच सांगताहेत की. चेहरा काढा. दर तीन सेकंदांनी चित्र बदललं की माणूस टिकतो, बी-रोल भरपूर घाला.

लष्करकर (ग्वाल्हेर)

चेहऱ्यासाठी कॅमेरा कोणता वापरता? माझ्याकडे मोबाइलच आहे. मागच्या भिंतीवर सावली पडते आणि चेहरा पिवळट दिसतो. चेहऱ्याला गळती त्यामुळेही असू शकेल ना?

आकडेमोडे (इंदूर)

@मांडवीकर, तुम्ही भागांच्या सीमा नोंदवल्यात हे फार उपयोगी आहे. पण "८१ पैकी ५५" यावरून चेहऱ्याबद्दल काहीच ठरत नाही.

पहिलं कारण जागेचं. कुठल्याही व्हिडिओत सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात आणि शेवटच्या मिनिटात माणसं सर्वांत वेगाने जातात. सुरुवातीला चुकून आलेले जातात. शेवटी "तर मंडळी" ऐकू आलं की काम झालेले जातात. या दोन्ही जागा तुम्ही चेहऱ्याला दिल्यात, म्हणून ५५ पैकी ४३ अंक तिथलेच आहेत. तिथे सुरसागर तलावाचं चित्रीकरण असतं तर हीच गळती त्याच्या नावावर पडली असती.

दुसरं कारण मोजमापाचं. अंक वजा करून चालत नाही, कारण ७२ मधले ६ जाणं आणि ३६ मधले ६ जाणं सारखं नाही. त्या क्षणी हजर असलेल्यांपैकी किती गेले आणि किती वेळात गेले, हे काढायला हवं. शीटमध्ये A मध्ये सुरुवातीचा सेकंद, B मध्ये शेवटचा, C आणि D मध्ये दोन टक्केवाऱ्या घाला:

```
=LN(C2/D2)/((B2-A2)/60)
```

हा मिनिटाचा गळतीचा वेग. साधी वजाबाकी न करता लॉग घेण्याचं कारण एवढंच, की तुमचा एक भाग २५ सेकंदांचा आहे आणि एक २ मिनिटं ४० सेकंदांचा. लॉगमुळे दोघांची तुलना सरळ होते, आणि एकाच प्रकारच्या तुकड्यांची बेरीज करून एकूण मिनिटांनी भागताही येतं.

तुमच्या आकड्यांवर हे असं येतं. चेहऱ्याचे चारही भाग धरले तर वेग ०.४४, म्हणजे मिनिटाला हजर प्रेक्षकांतले सुमारे ३६ टक्के गेले. सुरुवात आणि समारोप वगळून मधले दोनच भाग धरले तर ०.१९५, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास. बी-रोल ०.१५७, स्क्रीन ०.०७८. चेहरा अजूनही मागे आहे, पण "काढून टाका" म्हणण्याइतका नाही.

पण इथेही थांबू नका. स्क्रीनचे दोन्ही भाग उशिरा येतात, आणि तोवर फक्त गरजू माणसंच उरलेली असतात. म्हणून प्रत्येक भागाची तुलना त्याच जागेशी करा. यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनच्या आलेखावर तुमच्याच तेवढ्या लांबीच्या व्हिडिओंची नेहमीची पातळी दिसते. त्या पातळीचे ०:५०, १:३०, ४:१० आणि ४:४० इथले आकडे द्या. ही चार वाचनं पुरतील.

मांडवीकर

नेहमीची पातळी ०:५० ला ६४, १:३० ला ५५, ४:१० ला ४२ आणि ४:४० ला ४०.५ आहे.

आकडेमोडे

मग चित्र पालटतं. ०:५० ते १:३० मध्ये तुमचे नेहमीचे व्हिडिओ ०.२२७ वेगाने गळतात आणि हा ०.१६८ ने गळला. सर्व्हे नंबर समजावणारा चेहरा नेहमीपेक्षा चांगला टिकला! ४:१० ते ४:४० मध्ये नेहमीचा वेग ०.०७३ आणि इथे ०.२३०, म्हणजे तिप्पट. चेहरा तोच, दिवा तोच, माणूस तोच, आणि एका जागी लाभ तर दुसऱ्या जागी तोटा. तेव्हा प्रश्न "चेहरा किती" असा न विचारता "४:१० ला चेहरा का" असा विचारा.

@लष्करकर, म्हणूनच सावली आणि पिवळेपणा हे इथलं कारण नाही. ते असते तर दोन्ही भागांना सारखेच नडले असते. तुमच्या प्रश्नाचा धागा वेगळा काढा, तिथे उत्तर देतो.

मेधा_एडिट (वडोदरा)

आकडेमोडे यांनी जागा बरोबर पकडली. एडिटच्या बाजूने सांगते, ४:१० ला काय झालं असावं.

प्रेक्षक मोबाइलवर व्हिडिओ बघतोय आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर साइट उघडून बसलाय. त्याचा हात माउसवर आहे. नेमकं तेव्हा तुम्ही स्क्रीन काढून घेतलीत आणि चेहरा आणलात. त्या तीस सेकंदांत तुम्ही जे बोललात, की नंबर नसेल तर नावावरून खाते शोधा, ते सगळं त्याच साइटच्या त्याच ड्रॉपडाउनबद्दल आहे. डोळ्यांपुढे ड्रॉपडाउन हवा होता. ०:५० ला मात्र साइट उघडलेलीच नव्हती. सर्व्हे नंबर ही कल्पना समजून घ्यायची होती आणि त्याला चेहरा पुरतो.

म्हणून माझा नियम असा आहे: बोलण्यात जी वस्तू आहे ती स्क्रीनवर असेल, तर स्क्रीन हलवायची नाही. आवाज चालू ठेवा, कर्सर ड्रॉपडाउनवर थांबवा, त्या ओळीभोवती चौकट काढा. चेहरा हवाच असेल तर उजव्या खालच्या कोपऱ्यात, रुंदीच्या पाचव्या भागापेक्षा मोठा नको. फक्त तिथे साइटचं एखादं बटण झाकलं जात नाही ना, ते आधी बघा. AnyRoR वर कॅप्चा आणि माहिती मागवण्याचं बटण पानाच्या खालच्या भागात येतं, आणि झूम केल्यावर नेमकं तेच कोपऱ्याखाली जातं.

रीलवाला_रावपुरा

म्हणजे मधे चेहरा वाईट, हे माझं बरोबरच होतं!

मेधा_एडिट

अर्धं बरोबर. दर तीन सेकंदांनी चित्र बदलायचं हे इथे मुळीच चालणार नाही. स्क्रीनवरचं एक पान वाचून त्यावर जिल्हा, तालुका, गाव निवडायला माणसाला दहा-बारा सेकंद लागतात. मधेच शेताचा शॉट टाकलात तर तो मागे जाऊन परत बघेल किंवा सोडून जाईल.

आकडेमोडे

आणि तीन-चार सेकंदांच्या बी-रोलचा परिणाम या आलेखावर मोजताही येत नाही. यूट्यूबच्या एपीआयमधून आकडे काढलेत तर व्हिडिओचे १०० सारखे भाग मिळतात. ८:२० म्हणजे ५०० सेकंद, तेव्हा एक बिंदू ५ सेकंदांचा. चार सेकंदांचा शॉट एका बिंदूच्या पोटात मावतो. २० सेकंदांपेक्षा लहान तुकड्याबद्दल मी या आलेखावरून काहीही बोलणार नाही. मागवायचं असेल तर असं:

```
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio,relativeRetentionPerformance
filters=video==VIDEO_ID
```

एका वेळी एकच व्हिडिओ देता येतो. दुसरा आकडा यूट्यूबवरच्या तेवढ्या लांबीच्या सगळ्या व्हिडिओंशी तुलना करतो आणि ०.५ म्हणजे मधोमध. मी तो फक्त सुरुवातीच्या भागासाठी बघतो. कारण स्टुडिओतली नेहमीची पातळी तुमच्याच जुन्या व्हिडिओंची असते, आणि त्यांतही सुरुवातीला चेहराच असणार. चेहऱ्याची तुलना चेहऱ्याशी करून काय कळणार?

काठावरचा (वडोदरा)

मेधाताई, ४:१० बद्दल एक शंका आहे. ४:१० पर्यंत VF-7 मिळून गेला. व्हिडिओचं नावच "७/१२ कसा पाहायचा" आहे. ज्याला सर्व्हे नंबर माहीत होता त्याचं काम झालं आणि तो गेला. यात चेहऱ्याचा काय संबंध? तिथे कुठलंही चित्र असतं तरी तो गेलाच असता.

मेधा_एडिट

शंका रास्त आहे. फक्त आलेखावरून मी ती खोडू शकत नाही.

आकडेमोडे

खोडता येणार नाही, पण तिचा वाटा किती ते अंदाजता येईल. मांडवीकर, दोन गोष्टी द्या. एक, ४:२० ला आकडा किती आहे. दोन, तुमचा असा एखादा व्हिडिओ ज्यात दोन कामं पाठोपाठ आहेत आणि मधे चेहरा न येता स्क्रीन तशीच चालू राहते.

मांडवीकर

४:२० ला ४२.५. म्हणजे पाचपैकी साडेतीन अंक पहिल्या दहा सेकंदांतच गेले.

दुसऱ्यासाठी MGVCL च्या वीजबिलाचा व्हिडिओ आहे. आधी बिल बघणे, मग भरणे, मधे चेहरा नाही. पहिलं काम संपतं तिथे ५१ आणि दहा सेकंदांनंतर ४८.५.

आकडेमोडे

वीजबिलात काम संपल्यावर दहा सेकंदांत हजर असलेल्यांतले सुमारे ४.९ टक्के गेले. ७/१२ मध्ये सुमारे ७.६ टक्के. काम झालं म्हणून जाणारे दोन्हीकडे सारखे धरले, तर चेहऱ्यामुळे फार तर पावणेतीन टक्के. म्हणजे काठावरच्यांचं कारण मोठं आणि मेधाताईंचं लहान, पण दोन्ही आहेत.

हा फरक नुसती चढउतार नाही, हेही बघून घ्या. ६,४०० व्ह्यूंपैकी ४६ टक्के म्हणजे साधारण २,९४०. त्यातले ७.६ टक्के म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, आणि योगायोगाने हा आकडा तीसेकने वर-खाली होऊ शकतो. टक्क्यांत एक. म्हणून पावणेतीनचा फरक टिकतो. व्ह्यू २०० असते तर ४:१० ला ९२ माणसं, त्यातली सातएक गेली, आणि ती चार की दहा यावर काहीच सांगता आलं नसतं. लहान चॅनेलवाल्यांनी एकाच व्हिडिओवरून शॉट ठरवू नयेत. एकाच प्रकारच्या जोडाचे, म्हणजे "स्क्रीननंतर चेहरा" असे, पाच-सहा व्हिडिओंतले तुकडे एकत्र करून वेग काढावा.

काठावरचा

पण वीजबिल बघणारा माणूस आणि ७/१२ बघणारा माणूस एक नाही. बिल बघितल्यावर ते भरायचंच असतं, म्हणून तो पुढेही थांबतो. ७/१२ नंतर 8A सगळ्यांना लागत नाही. माझ्या मते तुमचा पावणेतीनचा आकडाही चेहऱ्यावर जास्तच लादलेला आहे.

आकडेमोडे

हे मान्य. ती वरची मर्यादा समजा. खरं उत्तर तोच व्हिडिओ बदलून बघितल्यावरच मिळेल.

शब्दांकन (इंदूर)

बदलून बघायचं तर कसं? यूट्यूबची तुलना-चाचणी थंबनेल आणि शीर्षकांची होते, आतल्या चित्रांची नाही. मी शाळेच्या गणिताचे व्हिडिओ करते. त्यात स्क्रीन म्हणजे डिजिटल फळा, आणि चेहरा काढला की मुलं विचारतात, "मॅडम दिसत का नाहीत?" रिटेन्शन मात्र जवळपास तेवढंच राहतं. तिथे हाच हिशोब चालेल का?

मेधा_एडिट

शब्दांकन, तुमच्याकडे फळा हाच मजकूर आहे आणि मुलं सांगितलं म्हणून बघतात. ऐच्छिक गळतीचा हिशोब तिथे तितका लागू होणार नाही. चेहरा ठेवावा की नाही, हे तुम्ही मुलांच्या प्रश्नांवरूनच ठरवा.

बदलण्याचं म्हणाल तर, प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओतून स्टुडिओच्या संपादकात मधला तुकडा कापता येतो. पत्ता आणि व्ह्यू तसेच राहतात. मांडवीकर, ४:१० ते ४:४० कापा. पण आधी ऐकून बघा, त्या तीस सेकंदांशिवाय ४:४० ची स्क्रीन समजते का. "आता नावावरून बघू" एवढं पहिलं वाक्य स्क्रीनवर आधीच असेल तर समजेल. कापल्यावर नवी लांबी ७:५० होईल, म्हणून ४:४० पासूनच्या जुन्या सीमा तीस सेकंदांनी मागे सरकवा. नाहीतर समारोपाची गळती भलत्याच भागावर मांडाल. आणि आकडे वाचताना कालावधी काप लागू झाल्यानंतरचाच निवडा.

तुकडा कापता येतो, बदलून नवा घालता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. "चेहऱ्याऐवजी स्क्रीनवर आवाज" ही चाचणी पुढच्याच व्हिडिओत होईल.

आकडेमोडे

एक भर. पहिल्या काही दिवसांत सदस्य बघतात, नंतर शोधातून येणारे. शोधातून आलेला माणूस थेट मधे उडी मारतो आणि काम झालं की निघतो. कापण्याआधीचे दिवस पहिल्या आठवड्यातले आणि नंतरचे तिसऱ्या महिन्यातले असले, तर तुम्ही एडिटची तुलना न करता प्रेक्षकांची तुलना कराल. आलेख सदस्य आणि बिगर-सदस्य असा वेगळा करता येतो. दोन्ही बाजूंना फक्त बिगर-सदस्य घ्या.

मांडवीकर

स्क्रीनच्या पहिल्या भागात, २:५० च्या आसपास, आलेख खाली येण्याऐवजी वर चढतो. त्या एका भागाचा वेग ०.०९३ आला त्यात हा चढ धरलेला आहे. हे चांगलं ना? तिथे सर्व्हे नंबर निवडून कॅप्चा भरायचा आहे.

मेधा_एडिट

मला ते चांगलं वाटत नाही. चढ म्हणजे लोक मागे जाऊन तोच क्षण परत बघताहेत. नवे आलेले तिथे उडी मारतात हेही असेल, पण कॅप्चाजवळ चढ असेल तर मी आधी अक्षरं तपासते.

पूर्ण १९२० रुंदीची स्क्रीन रेकॉर्ड केली आणि साइटचं अक्षर १६ पिक्सेलचं असलं, तर उभा धरलेल्या मोबाइलवर, जिथे व्हिडिओ जेमतेम ६.८ सेंटिमीटर रुंद दिसतो, ते अक्षर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासं मोठं होतं. वाचता येत नाही. ब्राउझर २०० टक्के झूम करा आणि १२८० बाय ७२० चा भाग रेकॉर्ड करा, मग तेच अक्षर १.७ मिलिमीटरचं होतं. एडिटमध्ये नंतर झूम करण्यापेक्षा हे बरं, कारण अक्षरं फाटत नाहीत. २०० टक्क्यांवर पानाची मांडणी बदलते, म्हणून रेकॉर्डिंगआधी एकदा पूर्ण फेरी मारून बघा.

आकडेमोडे

आणि या चढामुळे स्क्रीनचा आकडा खऱ्यापेक्षा गोड दिसतो. audienceWatchRatio मध्ये परत बघणंही मोजलं जातं, म्हणून ते १ च्या वरही जाऊ शकतं. चढाच्या आधीचा सपाट बिंदू आणि चढ पूर्ण उतरल्यानंतरचा सपाट बिंदू घेऊन वेग काढा, चढाच्या माथ्यावर सीमा टाकू नका. तुमच्या सीमा १:३० आणि ४:१० या चढापासून लांब आहेत म्हणून इथे बिघडलं नाही. पण २:५० ला भाग तोडला असता तर पहिला तुकडा अमृत आणि दुसरा विष दिसला असता.

काठावरचा

आणि बी-रोल? त्याबद्दल कोणी बोललंच नाही.

मेधा_एडिट

पहिल्या बी-रोलची नेहमीच्या पातळीशी तुलना इथे झालेली नाही. ०:२५ ते ०:५० मध्ये कागदी उतारा दिसतो, तो उपयोगी आहे, कारण पुढे स्क्रीनवर तोच उतारा ओळखायचा आहे. इमारतीचा शॉट मी काढला असता. दुसरा, ६:५० चा, शेतातून चालण्याचा. काम संपल्यावर तो नुसती सजावट आहे. तो ठेवण्यापेक्षा तिथे दोन्ही उतारे शेजारी-शेजारी ठेवून, कुठल्या रकान्यात काय बघायचं ते दाखवा. तीस सेकंद तेवढेच, पण बँकेत जाणाऱ्याला ते लागतं.

मांडवीकर

मग पुढच्या व्हिडिओचा आराखडा असा करतो. चेहरा सुरुवातीला २० सेकंद आणि कल्पना समजावताना ४० सेकंद. मधला चेहरा नाही, तिथे थांबलेला कर्सर आणि आवाज. झूम २०० टक्के. शेवटी दोन उतारे शेजारी आणि समारोप एका मिनिटाऐवजी १५ सेकंद. ७/१२ च्या व्हिडिओतले ते तीस सेकंद आज कापतो.

रीलवाला_रावपुरा

सुरुवातीचा चेहराही वीस सेकंद कशाला? पहिल्याच सेकंदाला उताऱ्याचं पान दाखवा आणि त्यावर आवाज.

आकडेमोडे

हे करून बघण्यासारखं आहे. सुरुवातीबद्दल तुमच्या जुन्या आकड्यांतून काहीच कळत नाही, कारण दुसरं काही कधी ठेवलेलंच नाही. एका व्हिडिओत तसं करा. पण त्याच व्हिडिओत समारोप आणि मधला भागही बदललात तर सुरुवातीचं श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. म्हणजे निदान पहिल्या ३० सेकंदांचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

काठावरचा

आणि शीर्षकात "७/१२ आणि 8A" असं दोन्ही लिहा. ४:१० ला जाणारे कमी झाले तर चेहऱ्याला हात न लावताही ते कळेल.

मांडवीकर

शीर्षक आधी बदलतो, काप नंतर. दोन्ही एकाच दिवशी करत नाही.